सतरा फुटांची भिंत आणि एक दिवाण

घर म्हणजे माणसाच्या विचारांचं प्रतिबिंब असतं. हे वाक्य माझं आहे. माझ्या बायकोच्या, शरयूच्या, निवृत्तीच्या समारंभात मी ते उच्चारलं तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या होत्या. त्याच दिवशी घरी येऊन दिवा लावला, तर हॉलच्या छताला उत्तर-दक्षिण एक तडा गेलेला दिसला आणि खालचा दरवाजा चौकटीत अडकून बसला. माझे विचार त्या दिवसापासून थोडे खाली झुकलेले आहेत.

तडा कशाने गेला हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. आमचं सांगलीचं घर म्हणजे खाली दोन खोल्या, वर एक. नदी आमच्यापासून तशी लांब आहे, पण नदीला ते मान्य नाही. एकोणीस साली ती हॉलमध्ये आली आणि शरयूच्या पुस्तकांच्या खालच्या दोन फळ्या घेऊन गेली. एकवीस साली आम्ही शहाणे झालो होतो. पाणी चढतंय म्हटल्यावर गल्लीतल्या लोकांनी जिन्यावर साखळी केली आणि सगळी पुस्तकं हातोहात वरच्या खोलीत गेली. मी साखळीच्या मधोमध, म्हणजे वळणावर होतो. वळणावरच्या माणसाला कोणी धन्यवाद देत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. पाणी ओसरलं, पण पुस्तकं खाली आणायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. ती वरच राहिली, खोलीच्या मधोमध, ढिगाने. मग तडा.

शरयूने छताकडे पाहिलं. ती पस्तीस वर्षं मुलींना इतिहास शिकवत होती, त्यामुळे साम्राज्य कोसळताना बघायची तिला सवय आहे. ती शांतपणे म्हणाली, "साताऱ्याच्या प्लॉटवर घर बांधू या. छोटं. पण पुस्तकांसाठी."

साताऱ्याला, डोंगराच्या उताराला, आमचा एक प्लॉट होता. तिथे पाणी येणार नाही, आलं तर थांबणार नाही, एवढाच त्याचा गुण. घर बांधायचं ठरलं ही बातमी शेजारच्या तात्यांना आम्ही सांगायच्या आत कळली. तात्या सहकारी बँकेतून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून सल्ल्यांचं वाटप बिनव्याजी करतात. त्यांचं म्हणणं सोपं होतं. पुराची भीती आहे ना, मग दोन मजली बांधा, आणि पुस्तकं वरच्या मजल्यावर. मला हे पटलं. मला तात्यांचं नेहमी पटतं, आणि मग संध्याकाळी शरयूचं पटतं.

आर्किटेक्ट आमच्या शोधात आली असं म्हटलं तरी चालेल. अपूर्वा ही शरयूची विद्यार्थिनी. सातवीत असताना तिने किल्ल्याचा नकाशा काढून त्यात पाण्याची टाकी बुरुजाच्या वर दाखवली होती आणि बाईंनी तिला ती खाली आणायला लावली होती. आता साताऱ्यात तिचं स्वतःचं ऑफिस आहे. ती सांगलीला आली, तडा पाहिला, वरच्या खोलीत गेली, पुस्तकांच्या ढिगाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि खाली येऊन तात्यांचा दोन मजली प्रस्ताव दोन वाक्यांत निकालात काढला. राहत्या खोलीची जमीन एका चौरस मीटरला दोनशे किलो धरून बांधतात, ती म्हणाली. पुस्तकांच्या साठ्याची खोली असेल तर सहाशे, आणि रॅक उंच असतील तर आणखी. वरच्या मजल्यावर पुस्तकं न्यायची म्हणजे स्लॅब जाड, तुळया जाड, खर्च जाड. त्यापेक्षा घर एकमजली, जोतं उंच, आणि पुस्तकांचं ओझं थेट जमिनीवर.

तात्या म्हणाले की पुस्तकं म्हणजे शेवटी कागद. कागदाला वजन ते काय.

अपूर्वाने ढिगाचा मनातल्या मनात हिशेब केला. "तीनएक टन असतील, काका. पाच-सहा म्हशी धरा."

तात्यांनी तड्याखालची खुर्ची हळूच सरकवून घेतली. अपूर्वा मात्र तड्याकडे अजून पाहत होती. एवढ्या पुस्तकांनी हे काठावर येतं, पण तडा जायला नको होता, असं काहीसं ती पुटपुटली. आम्ही तिला दुसरा चहा दिला आणि ती पुटपुट चहात विरघळली. पुढे ती पुटपुट आमच्याच अंगावर यायची होती.

शरयूने तिच्यापुढे आपली अट ठेवली. घर कितीही लहान कर. स्वयंपाकघर चिमूटभर असलं तरी चालेल. पण एकही पुस्तक मी कोणाला देणार नाही, एकही कॉटखाली किंवा माळ्यावर जाणार नाही. जे आहे ते उभ्या उभ्या डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे. "पुरात गेलेल्या पुस्तकांची नावं मला आठवत नाहीत," ती म्हणाली. "ते मला सहन होत नाही."

मी इथे काहीतरी विनोदी बोलणार होतो. त्याऐवजी तिची रिकामी कपबशी उचलली.

अपूर्वाने मान डोलावली आणि मग एक काम दिलं. पुस्तकं किती, हे तिला नको होतं. किती फूट, ते हवं होतं. म्हणजे पुस्तकं ओळीने उभी केली तर रांग किती लांब होईल, त्याला ती रनिंग फूट म्हणत होती. शिवाय उंचीप्रमाणे तीन गट करायचे: हातात मावणारी, मध्यम, आणि नकाशे-कोशांसारखी आडदांड. त्यावरून फळ्यांमधलं अंतर ठरणार. सगळ्या फळ्या सर्वांत उंच पुस्तकाला धरून केल्या, तर बारक्या पुस्तकांच्या डोक्यावर नुसती हवा राहते आणि भिंतीच्या दोन फळ्या फुकट जातात. या मोजणीवर सगळं घर उभं राहणार, असं ती म्हणाली.

हे काम माझ्याकडे आलं. वीज मंडळात मी जन्मभर रीडिंग घेणाऱ्यांच्या चुका काढल्या, त्यामुळे मोजणीवर माझा हक्क होता असं मी मानलं. शिंप्याची टेप गळ्यात अडकवून मी आठवडाभर पुस्तकांमध्ये बसलो. गल्लीतली माणसं येऊन बघून जात. तात्या रोज सकाळी येऊन "कितीपर्यंत आलं?" असं मतमोजणीच्या सुरात विचारत. अखेर आकडा जाहीर झाला: अडीचशे फूट. मी तो शरयूला सांगितला तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मला लग्नानंतर दोनदाच लाभली आहे. दुसरी वेळ ही.

अपूर्वाने त्यात पन्नास फूट वाढीसाठी मिळवले. माणूस निवृत्त होतो, पुस्तकं निवृत्त होत नाहीत, असं तिचं मत. तीनशे फूट. आणि मग तिने एक कागद पुढे ठेवला, त्यावर घर नव्हतंच. एक रेघ होती.

"ही भिंत," ती म्हणाली. "सतरा फूट लांब, घराच्या मधोमध. दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ फळ्या. घर हिच्याभोवती."

मला वाटलं भिंती बाहेर असतात आणि पुस्तकं त्यांना टेकवतात. तिने मला समजावलं, आणि ते मी पुढे तीन महिने प्रत्येकाला समजावत फिरलो, माझंच असल्यासारखं. साताऱ्याचा पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो आणि बाहेरच्या भिंती चार महिने ओल पितात. त्यांना टेकलेल्या पुस्तकाला आधी मागून बुरशी येते, आणि आपल्याला कळतं तेव्हा ते भिंतीला चिकटलेलं असतं. म्हणून पुस्तकांची भिंत आतली. पावसाच्या बाजूला पडवी, न्हाणीघर, सामानाची खोली. त्यांनी पाऊस झेलायचा. पश्चिमेचं ऊन पुस्तकांच्या पाठीवर पडलं तर रंग उडतो, म्हणून मोठी खिडकी उत्तरेला. तिथून उजेड येतो, ऊन येत नाही. फळी एकोणीस मिलिमीटरची, पण दर अडीच फुटांवर उभा आधार, आणि पुढच्या कडेला सागाची पट्टी, म्हणजे फळी पोटात झुकत नाही. सर्वांत खालची फळी जमिनीपासून वीतभर वर, फरशी पुसताना पाणी उडू नये म्हणून. जोत्यात भर टाकतानाच मातीला वाळवीचं औषध. आणि भिंतीला स्वतःचा पाया.

प्रत्येक फळीपुढे एक बारीक दांडीही होती. ती कशाला, असं मी विचारलं. कोयनेकडे जमीन अधूनमधून कूस बदलते, ती म्हणाली, आणि तेव्हा कोश डोक्यात पडू नये म्हणून. कोशाने मरण येणं शरयूला कदाचित शोभलं असतं. मला नाही.

नकाशा मंजुरीला गेला. हे काम आता ऑनलाइन होतं, म्हणजे चकरा मारायच्या त्या माराव्याच लागतात, फक्त आधी घरी बसून अडकायची सोय झाली आहे. पहिली शंका आठवड्यात आली. मधल्या खोलीवर शरयूच्या आग्रहाने 'ग्रंथदालन' असं लिहिलं होतं. निवासी भूखंडावर ग्रंथालय दाखवले आहे, तरी वाचकांसाठी वाहनतळ आणि स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे दाखवावीत.

अपूर्वा हसली आणि म्हणाली 'हॉल' लिहू. शरयूला ते खोटं वाटलं. तिने मुलींच्या वह्यांत पस्तीस वर्षं 'नेमका शब्द लिही' असा शेरा मारला होता. तिने 'अभ्यासिका' सुचवलं. नकाशा पुन्हा गेला, आणि मला कार्यालयात बोलावलं गेलं. सुमंत नावाचे गृहस्थ तिथे होते. अत्यंत सभ्य माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं की अभ्यासिका किती मुलांची आहे. साताऱ्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका निघाल्यात, महिन्याच्या फीवर टेबल-खुर्ची देतात, तेव्हा तो व्यवसाय झाला.

मी सांगितलं की एकच मुलगी आहे, वय साठीला टेकलेलं.

सुमंतांनी नकाशाकडे पाहिलं. "मग एवढी मोठी भिंत मधेच कशाला? दोन भाऊ वेगळे राहणार आहेत का?"

मी पुस्तकांचं सांगितलं. नैर्ऋत्येचा पाऊस सांगितला. सहाशे किलो सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग अगदी मायेने म्हणाले, "काका, हॉल लिहा ना."

हॉल लिहिलं. शरयू दोन दिवस माझ्याशी फक्त नेमक्या शब्दांत बोलली.

बांधकाम जालिंदरकडे होतं. माणूस दिलखुलास, कामात उत्साही, आणि नकाशा त्याला पाहुण्यासारखा वाटायचा. आला की मान द्यायचा, गेला की आपलं चालू. फळ्यांची खोली दहा इंच दाखवली होती. जालिंदरने पहिला खण आपल्या मनाने दीड फुटाचा केला. का, तर दहा इंचात टीव्ही बसत नाही, मिक्सर बसत नाही, आणि पुढंमागं पुस्तकं वाचून झाली तर बाईंना उपयोग व्हावा. अपूर्वाने तो खण उतरवायला लावला. फळी खोल झाली की माणूस दोन रांगा लावतो, आणि मागची रांग म्हणजे कॉटखालीच गेल्यासारखी. जालिंदर बिचारा तिच्याकडे असा बघत होता, की लेकराला एवढं शिकवून हे असं झालं.

पण खरा प्रसंग पाइपाचा. आम्ही एका रविवारी साताऱ्याला गेलो, तर पुस्तकांच्या भिंतीत मधोमध वरपासून खालपर्यंत एक चर खोदलेला, आणि त्यात पांढरा पाइप उभा. वरच्या टाकीचं पाणी स्वयंपाकघरात न्यायला हा सगळ्यात जवळचा रस्ता, जालिंदर अभिमानाने म्हणाला, चौदा फूट पाइप वाचला.

शरयू पाइपाकडे पाहत राहिली. मी वीज मंडळाच्या आवाजात काही बोलणार, एवढ्यात जालिंदरच समजुतीने म्हणाला, "आवं बाई, पाइप हाय त्यो. नदी न्हाई."

"नदीसुद्धा आधी नदीतच होती, जालिंदर," शरयू म्हणाली.

जालिंदर सांगलीचा पूर पाहिलेला माणूस. तो हातोडी घेऊन स्वतः वर चढला आणि पाइप काढून बाहेरच्या भिंतीवरून फिरवला. पुस्तकांच्या भिंतीत पाण्याचा थेंब जाणार नाही, वर टाकीसुद्धा नाही, हे अपूर्वाने नकाशावर लाल अक्षरात लिहिलं होतं. जालिंदरला लाल अक्षरं म्हणजे सजावट वाटली होती.

एवढं सगळं होऊन घर उभं राहिलं. भिंतीला शेवटचा रंग बसला, आणि आम्ही सांगलीला सामान बांधायला लागलो. पुस्तकं खोक्यांत गेली. खोकी लहान घ्यायची, हेही आता मला ठाऊक होतं, मोठ्या खोक्याचं बूड निघतं. टेंपोवाला दोन गडी घेऊन आला. पुस्तकांची खोकी गेली, भांडी गेली. मग ते वरच्या खोलीतला दिवाण उचलायला गेले.

दिवाण हलेना.

गड्यांनी कंबर कसली, तात्यांनी खालून सूचना केल्या, दिवाण हलेना. एका गड्याने विचारलं की फरशीत रोवलाय काय. मी म्हणालो, साधा लाकडी दिवाण आहे, आत पांघरुणं असतील. आणि मी गादी बाजूला करून फळी उचलली.

आत दिवाळी अंक होते. तळापासून काठापर्यंत, ठासून. चाळीस वर्षांचे घरचे, आणि त्याहून जास्त शाळेचे. शाळेच्या ग्रंथालयातून दर काही वर्षांनी जुने अंक रद्दीत काढत, आणि शरयू ते पिशवीतून घरी आणत असे, हे मला माहीत होतं. पिशव्या मीच उचलल्या होत्या. दिवाण वरच्या खोलीत, म्हणून पूर त्याच्यापर्यंत कधी पोचला नाही. आणि माझी टेपही पोचली नाही. मी पुस्तकं मोजली होती. दिवाळी अंक हे आमच्या घरात पुस्तक नव्हे, ते सणाचं सामान. कंदील माळ्यावर, अंक दिवाणात. मला ते आठवले नाहीत यात काय नवल, मोजणीच्या आठवडाभर मी रोज रात्री त्यांच्यावरच झोपत होतो.

एव्हाना तात्या वर आले होते. त्यांनी छताकडे नाही, खाली फरशीकडे पाहिलं. तडा बरोबर दिवाणाच्या पायाशी सुरू होत होता.

"अरे," ते म्हणाले, "सहावी म्हैस ही काय."

शरयू जिन्यात उभी होती. मला वाटलं आता ती मला माझ्या अडीचशे फुटांबद्दल काही बोलेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती दिवाणाच्या कडेला बसली, वरचा एक अंक उचलला, त्याचं पान उलटलं. पुण्याहून पुष्करचा, आमच्या मुलाचा, फोन आला, त्याने परिस्थिती ऐकली आणि म्हणाला की स्कॅन करून घ्या ना. तात्यांनी एका रद्दीवाल्याचं नाव काढलं. फार प्रामाणिक, वजनात मारत नाही.

शरयूने अंक जागेवर ठेवला. "राहू दे," ती म्हणाली. "आता भिंत झाली. कुठे बसवणार? बोलव त्या रद्दीवाल्याला."

इतक्या वर्षांच्या संसारात तिने एवढ्या सहज माघार घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. माझी टेप तिच्या शब्दाच्या आड आली होती, आणि ते सरळ मलासुद्धा दिसत होतं. मी जिना उतरून अंगणात गेलो आणि अपूर्वाला फोन लावला. सगळं सांगितलं, टेपसकट.

तिने दिवाणाची लांबी-रुंदी विचारली. मग ती म्हणाली, "तरीच तडा गेला."

म्हणजे तिची ती जुनी पुटपुट. तिला त्यातून इतका आनंद झाला होता की मला माझ्या दुःखात एकटं वाटायला लागलं. मी सुचवलं की वाढीसाठी ठेवलेल्या पन्नास फुटांत अंक उभे करता येतील. नाही, ती म्हणाली. एक तर वाढीची जागा आज खाल्ली की वर्षभरात बाईंची नवी पुस्तकं कॉटखाली जाणार. आणि दुसरं, दिवाळी अंक उभे राहत नाहीत. त्यांना पुठ्ठ्याची पाठ नसते. उभे केले की कमरेतून वाकतात, माना टाकतात, आणि दोन पावसाळ्यांत त्यांचा आकार कायमचा तसाच होतो. त्यांना आडवं ठेवायचं, आणि तेही वीतभरापेक्षा जास्त उंच थर नाही, नाहीतर तळचा अंक काढताना वरचे सगळे कोसळतात.

"मग रद्दी?" मी विचारलं.

"रद्दीवाल्याला आज सुट्टी द्या, काका. दिवाण रिकामा करून अंक खोक्यांत भरा, आणि उद्या साताऱ्यात भेटा."

दुसऱ्या दिवशी ती नव्या घराच्या हॉलमध्ये, म्हणजे सुमंतांच्या हॉलमध्ये, टेंपोने आलेली अंकांची खोकी उघडून, हातात टेप घेऊन फरशीवर मांडी घालून बसली होती. उत्तरेच्या खिडकीखाली भिंत मोकळी होती. तिथे आमचा सोफा यायचा होता. माझ्या निवृत्तीला मंडळातल्या सहकाऱ्यांनी दिलेला, तपकिरी, मी सांगलीत ज्यावर बसून पेपर वाचत असे तो सोफा. अपूर्वाने खडूने तिथे एक लांब आकार आखला, खिडकीखालून सुरू होऊन कोपऱ्यात वळून पूर्वेच्या भिंतीलगत जाणारा.

ओटा, ती म्हणाली. बसायच्या उंचीचा, काळ्या कडप्पा फरशीचा, वर गादी. आणि खाली सगळे कप्पे, एका अंकाच्या रुंदीचे, समोरून उघडे. प्रत्येक कप्प्यात आडवा छोटा थर. कडप्प्याला वाळवी लागत नाही, फरशी वाकत नाही, आणि ओझं सरळ जमिनीवर. भिंतीला त्याची खबरसुद्धा लागणार नाही. बाहेरच्या भिंतीपासून मात्र दोन बोटं जागा सोडायची, हवा खेळायला. बाई, सगळे अंक समोरून दिसतील. वर्षाच्या क्रमाने.

शरयूने खडूच्या रेषेवर पाय ठेवला, एक-दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. "मावतील?"

"यावेळी मी मोजलेत," अपूर्वा म्हणाली, आणि माझ्याकडे न बघण्याची तसदी घेतली.

सोफ्याचं काय, हे मी विचारायचं ठरवलं होतं. पण शरयूचा चेहरा तेव्हा असा झाला होता, जणू सातवीच्या वर्गातल्या एखाद्या मुलीने बुरुजावरची टाकी बरोबर जागी आणून दाखवावी. मी सोफ्याबद्दल बोललो नाही. तो आता तात्यांकडे आहे. ते म्हणतात जरा बसका आहे.

जालिंदरने ओटा आठवड्यात बांधला. यावेळी प्रत्येक कप्पा अंक आत घालून, बाहेर काढून, पुन्हा घालून पाहिला. एक अंक वाचत वाचत त्याने अर्धा दिवसही घालवला, आणि शरयूने त्याला काही म्हटलं नाही. उलट चहा दिला.

आम्ही राहायला आलो. पुस्तकं भिंतीवर चढली, बारकी बारक्यांत, आडदांड आडदांडांत, आणि फळ्या भरल्यावर शेवटी मोकळी जागा किती राहिली, हे मी टेपने मोजायला गेलो तर शरयूने टेप माझ्या हातातून काढून घेतली. ती आता शिवणाच्या डब्यात असते.

मग पाऊस आला, आणि एका दुपारी तात्यांचा फोन. सांगलीत पाणी वाढतंय, आयर्विन पुलाशी पातळी चढतेय, लोक सामान वर नेतायत. त्यांच्या आवाजात काळजी होती. शरयूने त्यांना साताऱ्याला यायचा आग्रह केला, त्यांच्या पुतण्याशी बोलली, काय काय वर उचलायचं ते सांगितलं. फोन ठेवला, आणि भिंतीकडे वळून बसली. बाहेर पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका न्हाणीघराच्या भिंतीवर आदळत होता. आत सगळं कोरडं. ती बराच वेळ वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत नजर फिरवत होती, आणि मग तिने श्वास सोडला. जिन्यातल्या साखळीपासून आत धरून ठेवला होता, तो असावा. संध्याकाळी पुन्हा फोन आला, पाणी थांबलंय, उतरायला लागलंय. तात्यांच्या उंबऱ्याला लागून परत गेलं.

मी चहाचा कप घेऊन ओट्यावर येऊन बसलो. गादी मऊ होती, खिडकीतून उत्तरेचा शांत उजेड येत होता, पाय सोडायला जागा होती. समोर सतरा फूट भिंत, तीन टन वजन, आणि त्यातला एक किलोसुद्धा कोणाच्या खांद्यावर नाही. एवढ्या खटपटीनंतर घरात आपली म्हणावी अशी एक जागा मला मिळाली, असं मनात आलं. मग वाटलं, हे वाक्य चांगलं आहे, याचं एखादं भाषण होऊ शकेल. घर म्हणजे शेवटी, असं मी सुरू करणार, एवढ्यात शरयू चष्मा लावून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "जरा पाय वर घेता का? शहाऐंशीचा अंक हवाय."